टॉर्च, थर्माकोलचा बॉल आणि डोक्याची सावली

15 फेब्रुवारी 2026, रविवार, महाशिवरात्र. आई सोमेश्वरला दर्शन घेऊन आली, उपवासाचं रताळं उकडत ठेवलेलं, आणि माझी भाची ओवी (वय 9, चौथीत) इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर उभी राहून चंद्र शोधत होती. चंद्र अर्थातच नव्हता, शिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी, दोन दिवसांवर अमावस्या. मी म्हणलं आज नाही दिसणार गं, तर ती लगेच म्हणाली, "माहितीये मावशी, तो पृथ्वीच्या सावलीत लपलाय."

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते, त्यामुळे हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, मोठ्या माणसांकडूनसुद्धा. चंद्राची कोर दिसते कारण उरलेल्या भागावर पृथ्वीची सावली पडते असं बहुतेकांना मनापासून वाटतं. पण ओवीला विचारलं की तुला कुणी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की शाळेत टॉर्च आणि बॉलचा प्रयोग करून दाखवला होता, तिथे तिने स्वतः बघितलं! म्हणजे ज्या प्रयोगाने हा गैरसमज जायला पाहिजे त्याच प्रयोगाने तो पक्का झाला होता. मला हे फार लागलं आणि पुढचे 2 आठवडे आम्ही दोघींनी हाच प्रयोग नीट लावायचा प्रयत्न केला. काय चुकलं, कुठे कळलं, ते सगळं इथे लिहितेय, कारण घरी मुलांना हे दाखवणाऱ्या बहुतेकांचं याच दोन-तीन जागी चुकतं.

पहिल्या रात्री मी पण घाईत चुकीचंच केलं. डायनिंग टेबलवर मोबाईलचा टॉर्च लावून ठेवला, मध्ये खुर्चीवर उशी म्हणजे पृथ्वी, आणि मी टेनिस बॉल हातात घेऊन उशीभोवती गोल फिरवला. ओवी सोफ्यावर बसून बघतेय. मी म्हणतेय बघ ही अमावस्या, बघ ही अष्टमी, बघ ही पौर्णिमा. ती म्हणाली, "मला तर सारखा अर्धाच दिसतोय." आणि तिचं बरोबर होतं! टॉर्चच्या समोरची बाजू कायम उजेडात आणि मागची कायम अंधारात, बॉल कुठेही असला तरी अर्धा भाग उजळलेलाच, मग सोफ्यावरून कला दिसणार कशा? चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजेडात असतो, त्यातला आपल्याला किती दिसतो त्याला आपण कला म्हणतो, आणि "आपल्याला" म्हणजे पृथ्वीवरून. उशीला डोळे नाहीत. ज्याला कला दाखवायच्या त्यानेच पृथ्वी व्हायला पाहिजे, बाहेर बसून बघणाऱ्याला त्या दिसूच शकत नाहीत. शाळेत बहुतेक हेच झालं असणार, एक जण बॉल फिरवतोय आणि चाळीस पोरं बाकांवरून बघतायत.

शिवाय टेनिस बॉल त्या पोपटी रंगाचा, केसाळ, त्यावर उजेड-अंधाराची रेघ नीट उठत नाही. आणि आमच्या हॉलच्या भिंती पांढऱ्या, टॉर्चचा उजेड भिंतीवरून परत येऊन बॉलची अंधारी बाजूही राखाडी करून टाकत होता. हे कसं ओळखायचं तर बॉलच्या मागच्या बाजूला तुमच्या बोटाचा रंग दिसत असेल तर खोली अजून पुरेशी अंधारी नाही असं समजायचं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, येताना स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलचे 2 बॉल आणले, साधारण 6 सेंटीमीटरचे, आणि एक पेन्सिलच्या टोकावर खोचला. रात्री आतल्या खोलीत पडदे ओढले, ट्यूब बंद, देवघरातला दिवा सोडून सगळं बंद. मोबाईलच्या ऐवजी आईचा लाईट गेल्यावरचा टॉर्च घेतला आणि तो कपाटाच्या कप्प्यात ओवीच्या कपाळाच्या उंचीवर ठेवला. ही उंची महत्त्वाची आहे, टॉर्च फार वर ठेवला की बॉलची नुसती वरची बाजू उजळते आणि मूल म्हणतं हे काहीतरी वेगळंच दिसतंय. ओवीला टॉर्चपासून 2 मीटरवर उभं केलं, हात लांब करून पेन्सिल धरायला लावली. आता ती पृथ्वी, तिचे डोळे म्हणजे आपण नाशिककर.

टॉर्चकडे तोंड, बॉल टॉर्चच्या अंगाला पण किंचित वर. बॉलची तिच्याकडची बाजू काळीकुट्ट. ही अमावस्या. आता हात तसाच ठेवून स्वतःच्या डाव्या बाजूला हळूहळू गोल फिर म्हणलं. डावीकडेच, कारण उत्तरेकडून वरून बघितलं तर चंद्र पृथ्वीभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेने जातो, आणि उजवीकडे फिरवलं तर कोर उलट्या बाजूला उगवते आणि नंतर आकाशात बघितल्यावर सगळा घोळ होतो. ती थोडी वळली आणि बॉलच्या उजव्या कडेला एक बारीक उजळ चंद्रकोर आली. मला तिचा चेहरा अंधारात दिसत नव्हता पण ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "कोर आली, मावशी कोर आली!" अजून वळली, टॉर्च बरोबर उजव्या खांद्याच्या दिशेला आला तेव्हा अर्धा बॉल, उजवी बाजू उजळ. ही शुद्ध अष्टमीच्या आसपासची. अजून वळल्यावर फुगलेला, आणि मग टॉर्च पाठीमागे गेला आणि बॉल...

बॉल विझला. पौर्णिमेच्या जागी आल्यावर बॉलवर तिच्या डोक्याची सावली पडली, वेणीसकट!

"बघ, मी म्हणलं होतं ना, पृथ्वीची सावली!"

इथेच तो गैरसमज तयार होतो. सगळा प्रयोग बरोबर झाला तरी शेवटी डोकं मध्ये येतं आणि मुलाच्या डोक्यात सगळ्यात ठळक आठवण राहते ती सावलीची. पुष्कळ जण इथे पटकन म्हणतात, अगं हात वर कर, डोक्याच्या वरून धर, आणि पुढे जातात. मी तसं केलं नाही, तिला म्हणलं, थांब, आता सांग, सावली पडली तेव्हा कुठली तिथी होती? ती म्हणाली पौर्णिमा. म्हणलं बरं, आता परत अमावस्येला ये. ती टॉर्चकडे वळली. म्हणलं आता तुझ्या डोक्याची सावली कुठे पडलीये बघ. तिने मान वळवून मागे बघितलं, सावली मागच्या भिंतीवर होती, बॉल पुढे होता. मग कोरीच्या जागी आली, सावली अजूनही मागेच, बॉलपासून कितीतरी लांब. अष्टमीला सावली डाव्या हाताच्या भिंतीवर, बॉल समोर. तिने हे तीन-चार वेळा स्वतः करून बघितलं, मी काही बोलले नाही. पृथ्वीची सावली कायम सूर्याच्या विरुद्ध बाजूला असते, म्हणजे ती फक्त त्या जागी पोचते जिथे चंद्र सगळ्यात भरलेला असतो, मग कोर आणि अर्धा चंद्र या सावलीने होणार कसे? हे वाक्य मी तिला सांगितलं नाही, ती स्वतःच तिच्या शब्दात म्हणाली, "सावली तर पौर्णिमेच्याच घरात राहते."

मग पौर्णिमेला हात डोक्याच्या वर नेला आणि बॉल पूर्ण गोल उजळला. तिथून पुढे वद्य पक्ष, टॉर्च डाव्या खांद्याकडे येत गेला आणि बॉलची आता डावी बाजू उजळ, उजवी अंधारात. परत अमावस्या. तिथेच ती थांबून म्हणाली की आजच्या रात्री चंद्र मग सावलीत नाहीये, तो सूर्याच्या बाजूला आहे आणि त्याची पाठ उजळलीये. हो, बरोबर तेच.

19 तारखेला शिवजयंती, मिरवणुकीची ढोल-ताशाची तयारी खाली चालू होती आणि संध्याकाळी सूर्य गेल्यावर आम्ही गच्चीवर. पश्चिमेला कोर दिसली. पण ओवी नाराज, कारण तिच्या बॉलवर कोर उजव्या बाजूला उभी होती आणि इथे आकाशात ती खाली, होडीसारखी आडवी पडलेली. हे चांगलं निरीक्षण आहे आणि याचं उत्तर देता यायला पाहिजे. उजळ बाजू कायम सूर्याकडे असते, आणि सूर्य तर नुकताच क्षितिजाखाली गेलाय, चंद्राच्या जवळजवळ सरळ खाली. नाशिक 20 अंश अक्षांशावर आहे, इथे सूर्य-चंद्र संध्याकाळी बऱ्यापैकी सरळ खाली उतरतात, त्यातून फेब्रुवारी-मार्चमध्ये तर जास्तच, म्हणून कोर होडी होते. पुस्तकातली चित्रं बरेचदा खूप उत्तरेकडच्या देशांतली असतात, तिथे सूर्य तिरका मावळतो म्हणून कोर उभी दिसते. मी तिला खोलीत परत नेलं, टॉर्च जमिनीवर ठेवला, बॉल वर धरायला लावला, कोर आपोआप खाली आली. "टॉर्च मावळला म्हणून," ती म्हणाली. बास.

आता सगळ्यात भारी दिवस, आणि हा प्रयोग ज्याला जमेल त्याने नक्की करावा कारण यात टॉर्च लागतच नाही. 24 फेब्रुवारी, मंगळवार. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास चंद्र बरोबर अर्धा व्हायचा होता. दुपारी पाचला गच्चीवर गेलो, ऊन पांडवलेण्याच्या बाजूला उतरलेलं, आणि अर्धा चंद्र पूर्वेच्या बाजूला उंच, दिवसाच निळ्या आकाशात पांढरा फिकट. बऱ्याच जणांना चंद्र दिवसा दिसतो हेच माहिती नसतं. मुळात इथेच सावलीचा सिद्धांत संपतो, सूर्य पण वर आहे आणि अर्धा चंद्र पण वर आहे, दोघंही एकाच वेळी डोळ्यांसमोर, मग पृथ्वीची सावली, जी आत्ता आपल्या पायाखाली पलीकडे गेलीये, ती त्या चंद्रावर येईलच कुठून?

ओवीला थर्माकोलचा बॉल दिला आणि म्हणलं हात लांब करून चंद्राच्या अगदी शेजारी धर, उन्हातच. सूर्याकडे अजिबात बघायचं नाही हे आधी दोनदा बजावलं, तसंही अर्ध्या चंद्राच्या दिवशी सूर्य बाजूला असतो, चंद्राकडे बघताना तो डोळ्यात येत नाही. तिने बॉल धरला, इकडे तिकडे केला, आणि मग एका जागी तो बरोबर चंद्राला चिकटून आला.

बॉलवर तोच आकार. अर्धा उजळ, अर्धा सावलीत, आणि उजेड-अंधाराची रेघ पण चंद्रावर जितकी कललेली तितकीच बॉलवर कललेली. हातभर लांब असलेला थर्माकोल आणि 3,84,000 किलोमीटर लांबचा चंद्र, दोघांवर एकच सूर्य, एकाच बाजूने. हे दिसल्यावर मला समजावायला काही उरलंच नव्हतं. ओवीने बॉल चंद्रापासून लांब, सूर्याच्या बाजूला नेला, तो बारीक कोर झाला, उलट्या बाजूला नेला तर फुगला. मग परत चंद्राजवळ, परत अर्धा. ती हे पंधरा मिनिटं करत होती, मग आईला खालून बोलावून आणलं, आईने गुडघे धरत जिने चढले, तिने पण बॉल धरून बघितला आणि म्हणाली, "अगं बाई, जुळा भाऊच की." फक्त एक लक्षात ठेवा, हे जमायला ऊन थेट बॉलवर पडायला हवं आणि बॉल पांढरा, बिनचमकीचा हवा. चकचकीत बॉलवर सूर्याचा एक ठिपका दिसतो फक्त.

पण मूल हुशार असेल तर आता पुढचा प्रश्न येणारच, आणि तो आला. शनिवारी, 28 तारखेला. "खोलीत तर प्रत्येक पौर्णिमेला माझं डोकं आडवं आलं होतं. मग खरं ग्रहण प्रत्येक पौर्णिमेला का नाही?" याचं उत्तर त्या खोलीतल्या मांडणीत नाही, कारण तिथे डोकं फार मोठं आणि बॉल फार जवळ. ही त्या प्रयोगाची मर्यादा आहे आणि ती मुलाला सरळ सांगावी.

द्राक्षाचा सीझन, घरात पेटी आलेली. ओवीचा क्रिकेटचा टेनिस बॉल म्हणजे पृथ्वी, साधारण 6.7 सेंटीमीटर. मग चंद्र 1.8 सेंटीमीटरचा पाहिजे, आम्ही फूटपट्टी लावून एक गोल काळं द्राक्ष निवडलं. तिला म्हणलं, आता द्राक्ष बरोबर अंतरावर ठेव. तिने एक वीतभर लांब ठेवलं. जवळजवळ सगळेच असं करतात, कारण पुस्तकात पानावर मावायला तसंच काढलेलं असतं. खरं अंतर 30 पृथ्व्या मावतील एवढं, म्हणजे या मापात 2 मीटर! बॉल गच्चीच्या कठड्यावर आणि द्राक्ष पार पाण्याच्या टाकीपाशी गेलं. (आणि सूर्य? या मापात तो 7 मीटरपेक्षा मोठा गोळा आणि जवळजवळ 800 मीटर लांब, तो आम्ही नुसता बोटाने दाखवला.)

2 मीटरवर टेनिस बॉलची गडद सावली निमुळती होत होत साधारण 5 सेंटीमीटरच उरते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी 5 अंशांनी कललेली आहे, हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण 2 मीटरवर 5 अंश म्हणजे द्राक्ष सुमारे 18 सेंटीमीटर वर किंवा खाली जाऊ शकतं, जवळजवळ वीतभर. सावली 5 सेंटीमीटरची आणि चंद्र वीतभर वरून किंवा वीतभर खालून निघून जातोय, मग बहुतेक पौर्णिमांना तो सावली चुकवतो यात नवल काय. ओवीने द्राक्ष काडीला खोचून वर-खाली करून बघितलं आणि मग खाऊन टाकलं, दुसरं घ्यावं लागलं.

मग चुकवत नाही तेव्हा काय होतं? यासाठी आईची बांगडी आणि परात. परातीत बांगडी ठेवली, एका बाजूखाली सुपारी सरकवली की ती तिरकी होते, मग हळूहळू पाणी ओतलं, अर्धी बांगडी पाण्यावर आणि अर्धी पाण्याखाली येईपर्यंत. पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे पृथ्वी-सूर्याची पातळी, बांगडी म्हणजे चंद्राची वाट, पृथ्वी मधोमध आहे असं समजायचं. (कल 5 अंशांपेक्षा बराच जास्त होतो इथे, तेवढी सूट घ्यावी लागते.) बांगडी पाण्याला बरोबर 2 ठिकाणी छेदते. चंद्र फक्त या 2 जागी पातळीत असतो.

मी म्हणलं या 2 बिंदूंना नावं आहेत, आणि ती तुझ्या आजीला माहितीयेत. राहू आणि केतू.

आई शेजारीच बसली होती, ती एकदम पुढे सरकली. तिने आयुष्यभर ग्रहणाचे वेध पाळलेत आणि तिला वाटत होतं की मी आता काहीतरी खोडून काढणार. पण आपल्या ज्योतिषगणितात राहू-केतू म्हणजे हेच छेदबिंदू, त्यांची जागा काढूनच पंचांगकर्ते ग्रहणं काढतात. आणि आर्यभटाने इसवी सन 499 च्या सुमारास स्पष्ट लिहून ठेवलंय की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला. म्हणजे गोष्ट आणि गणित दोन्ही आपल्याकडेच होतं. आई बांगडीकडे बघत म्हणाली, "म्हणजे तो जागेवर बसून असतो होय, चंद्रच तिथे जातो." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

मग ओवीने टॉर्च घेऊन परातीभोवती प्रदक्षिणा घातली, कारण वर्षभरात सूर्य सगळ्या बाजूंनी फिरल्यासारखा दिसतो आणि बांगडीचा कल मात्र जवळपास तसाच राहतो (ते बिंदू पण सावकाश सरकतात, साडेअठरा वर्षांत एक फेरी). टॉर्च जेव्हा त्या 2 बिंदूंच्या रेषेत येतो तेव्हाच ग्रहणं, बाकी वेळ नाही. एका प्रदक्षिणेत असं दोनदा, म्हणून ग्रहणं साधारण सहा-सहा महिन्यांनी येतात. 7 सप्टेंबर 2025 ला खग्रास चंद्रग्रहण होतं, त्यानंतरचं 3 मार्च 2026 ला. आणि ती रेष महिनाभर जवळपास जुळलेली राहते म्हणून जोडी येते, 17 फेब्रुवारीच्या अमावस्येला अंटार्क्टिकावर कंकणाकृती सूर्यग्रहण झालं आणि पंधरवड्यात चंद्रग्रहण.

सूर्यग्रहण थोडक्यात. खोलीत ओवीने टॉर्चकडे तोंड करून एक डोळा मिटून बॉल बरोबर टॉर्चवर आणला, टॉर्च गायब. पण तिला जे दिसलं त्यापेक्षा मला जे दिसलं ते महत्त्वाचं, म्हणून मी आरसा धरला. तिच्या चेहऱ्यावर बॉलची गोल काळी सावली होती, उघड्या डोळ्यावर आणि गालावर, बाकी चेहरा उजेडात. ज्या जागेवर तो डाग पडतो तिथल्याच लोकांना खग्रास दिसतं, हनुवटीवरच्या लोकांना नाही. चंद्रग्रहण मात्र रात्र असलेल्या अख्ख्या अर्ध्या पृथ्वीला दिसतं कारण तिथे चंद्रच विझतो. 2 ऑगस्ट 2027 ला हा डाग स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त, सौदी अरेबियावरून जाणार आहे, लक्सरच्या जवळ खग्रास 6 मिनिटांपेक्षा जास्त वेळ. आपल्याला नाशिकमध्ये खंडग्रास, आणि त्याच दिवशी आषाढ अमावस्या, सोमवार, सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान. ऑगस्ट असल्याने ढग असतील तो भाग वेगळा, पण जे बघतील त्यांनी ग्रहणाच्या प्रमाणित चष्म्याशिवाय बघू नये, एक्स-रे फिल्म किंवा काजळी धरलेली काच चालत नाही.

3 मार्च. होळी पौर्णिमा, दुपारपासून व्हॉट्सअ‍ॅपवर लाल चंद्राचे फोटो फिरायला लागले होते आणि खग्रास भाग आपल्या वेळेनुसार संध्याकाळी साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान होता. ओवी विचारतेय मग आपण का नाही बघत. मी उत्तर दिलं नाही, टॉर्च काढला आणि म्हणलं पौर्णिमेच्या जागी उभी राहा. आता नाशिकला पाच वाजलेत, सूर्य वर आहे पश्चिमेला, मग चंद्र कुठे? तिने पाठीमागचा टॉर्च बघितला, हातातला बॉल बघितला, विचार केला. "सूर्याच्या बरोबर समोर... म्हणजे तो अजून उगवलाच नाहीये. जमिनीखाली आहे." सूर्य वर असताना पूर्ण चंद्र वर असूच शकत नाही, म्हणून जिथे तेव्हा रात्र झाली होती तिथल्या लोकांना ते दिसलं आणि आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत ग्रहण जवळजवळ संपत आलेलं. आम्ही गेलो गच्चीवर तरीही, धुळवडीचा रंग अजून तिच्या कानामागे होता, पूर्वेला धुरकट आकाशातून चंद्र वर आला तोवर पूर्ण गोल, थोडा पिवळसर.

खाली आल्यावर तिचा एक प्रश्न उरला होता, तो सप्टेंबरपासूनचा. तेव्हा ती रात्री अकराला झोपलेली होती आणि दुसऱ्या दिवशी फोटोत तांबडा चंद्र बघितला होता. सावली काळी असते, मग चंद्र लाल कसा? टॉर्च आणि बॉलने हे दाखवता येत नाही, बॉलवर डोक्याची सावली काळीच पडते, कारण डोक्याभोवती हवा नाही. पण एक करता येतं. मी तिला म्हणलं तू आता चंद्र हो. मी टॉर्चकडे पाठ करून पृथ्वी झाले आणि ती माझ्यासमोर बॉलच्या जागी आली, बरोबर माझ्या डोक्याच्या सावलीत, आणि टॉर्चच्या दिशेने बघायला लागली.

"काय दिसतंय?"

"तुझं डोकं काळं दिसतंय. टॉर्च नाही दिसत." मग थोडं थांबून, "पण तुझ्या केसांच्या कडेकडेने सगळीकडून उजेड येतोय, गोल."

त्या कडेच्या जागी पृथ्वीला हवा आहे, आणि हवेतून घासून आलेला उजेड आपल्या मावळतीसारखा तांबडा होऊन आत वळतो, तोच त्या काळ्या सावलीत चंद्रावर पडतो. ती सावलीतून हलली नाही, टॉर्चची बॅटरी पिवळी पडत होती, आणि ती डोळे बारीक करून माझ्या केसांची कड बघत राहिली.